खांद्यावरचे तारे आणि फोटोखालच्या चार ओळी

डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत, म्हणजे आयएमएत, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये पासिंग आउट परेड होते. संचलन संपता संपता तरुणांच्या रांगा संथ पावलांनी चेटवुड इमारतीच्या पायऱ्या चढतात आणि ‘अंतिम पग’ ओलांडून आत जातात. त्यानंतर होतो पिपिंगचा सोहळा. आई एका खांद्याशी, वडील दुसऱ्या खांद्याशी उभे राहतात आणि लेकाच्या गणवेशावर लेफ्टनंटचे दोन-दोन तारे येतात. घरोघरी जपला जातो तो फोटो हाच. त्याखाली काय लिहायचं, इथे मात्र भलेभले आई-वडील अडतात.

पहिली अडचण माहितीची असते. आपल्याकडे खडकवासल्याच्या परेडचा फोटो टाकून ‘लेक ऑफिसर झाला’ असं हौसेने लिहिलं जातं. पण एनडीएची तीन वर्षं संपली तरी तो कॅडेटच असतो. भूदलात जाणारा पुढे वर्षभर डेहराडूनला घासून निघतो आणि मगच त्याला कमिशन मिळतं. खडकवासल्याच्या फोटोखाली ‘एनडीए पूर्ण केली’ एवढंच लिहावं. ते काही कमी नाही.

दुसरी अडचण धोक्याची. अभिमान उतू जायला लागला की ‘शत्रूची आता खैर नाही’, ‘पोटचा गोळा देशाला अर्पण’ अशी वाक्यं आपोआप येतात. ती लिहिणाऱ्याच्या भावनेबद्दल मला शंका नाही, तरी ती टाळावीत असं मला ठामपणे वाटतं. हा मजकूर तिथे वर्षानुवर्षं राहणार आहे. पुढे कधी चार दिवस मुलाचा फोन लागला नाही की आई तोच फोटो उघडणार आहे. तेव्हा ‘अर्पण’ हा शब्द तिला कसा वाचवेल? शिवाय तो एकटा कुठे निघालाय? पायदळातल्या लेफ्टनंटच्या हाताखाली साधारण तीस जवानांची प्लाटून असते. त्या प्रत्येकाच्या घरीही वाट पाहणारं कोणीतरी आहे.

म्हणून धोका लपवायचा, असंही नाही. एनडीएच्या परेड ग्राउंडला सेकंड लेफ्टनंट अरुण क्षेत्रपाल यांचं नाव आहे. जून १९७१ मध्ये त्यांना पूना हॉर्समध्ये कमिशन मिळालं. त्याच वर्षी १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत ते रणगाड्यात लढता लढता धारातीर्थी पडले. वय होतं २१. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या मैदानावर पाय आपटत ड्रिल शिकलेल्या मुलाला जोखीम काय असते हे आपण सांगायला नको. एका वाक्यात तिचा उल्लेख करावा आणि तिथेच थांबावं.

समजा, खडकवासला करून डेहराडूनहून बाहेर पडलेल्या मुलाचा फोटो आहे. माझ्या मते मजकूर असा जमेल: ‘आज त्याने अंतिम पग ओलांडला आणि त्याच्या खांद्यांवर आम्ही तारे लावले. चार वर्षांपूर्वी खडकवासल्याच्या गेटवर सोडलेला आमचा मुलगा आता लेफ्टनंट आहे. वाट सोपी नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. त्याला घडवणाऱ्या उस्तादांना आमचा नमस्कार.’

यात अभिमान त्याने केलेल्या कामाचा आहे, पुढे काय होईल याचा नाही. धोक्याचं वाक्य तिसरं ठेवलं आहे. पहिलं ठेवलं तर सगळा फोटोच काळवंडतो, शेवटचं ठेवलं तर वाचणाऱ्याच्या मनात तेच घुमत राहतं. त्यानंतर उस्तादांचं नाव घेतलं की वाचणारा पुन्हा आजच्या दिवसावर येतो. पहाटेच्या अंधारात ड्रिल करून घेणारे, ओरडणारे, मुलांना घडवणारे ते उस्ताद कौतुकाच्या गर्दीत बहुधा विसरले जातात.

राहिली दक्षतेची बाब. पिपिंगच्या दिवशी टोपीवर रेजिमेंटचं चिन्ह असतं, ते फोटोत दिसणारच. पण पलटणीचा आकडा, पहिली नेमणूक कुठे, हजर कधी व्हायचंय, कोणत्या गाडीने निघणार, यातलं काही लिहू नये. सोशल मीडियावरून अधिकाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची माहिती गोळा करणारे असतात. २०२० साली भूदलाने आपल्या लोकांना फेसबुकसह ८९ ॲप मोबाइलवरून काढून टाकायला सांगितली होती. ‘जम्मूला पोस्टिंग, पंधरा तारखेला निघतोय’ असं कौतुकाने लिहिणाऱ्या मामा-काकांनाही हे आधीच सांगून ठेवावं, कारण आई-वडिलांनी जपलेलं तेच प्रतिक्रियांमध्ये फुटतं.

आणि मजकूर टाकण्यापूर्वी एकदा मुलाला वाचायला द्यावा. तो जे खोडेल, ते ‘का’ न विचारता खोडलेलंच राहू द्यावं.