थकलेल्या बिलाची दोन पत्रे

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अनुवादकाचे बिल थकते, तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे कोणाची लबाडी नसते. काम देते कंपनीतले एक माणूस आणि पैसे सोडतो अकाउंट्स विभाग. या दोघांमध्ये बिल कुठेतरी अडकते. कधी ते पुढे पाठवलेलेच नसते, कधी त्यावर पर्चेस ऑर्डरचा क्रमांक नसतो, तर कधी पॅन किंवा बँकेचा तपशील राहून गेलेला असतो. म्हणून पहिल्या पत्राचा हेतू बिल कुठे अडकले ते शोधणे एवढाच असतो. दुसरे पत्र मात्र मुदत घालणारे असते.

एक नमुना घेऊ. पुण्यातल्या एका अनुवादिकेने मुंबईच्या कंपनीसाठी 18,000 शब्दांच्या माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद केला. दर शब्दाला दोन रुपये, म्हणजे बिल 36,000 रुपयांचे. काम आणि बिल दोन्ही 5 जूनला पाठवले. तीस दिवसांत पैसे द्यायचे लेखी ठरले होते, म्हणजे मुदत 5 जुलैला संपली.

पत्र लिहिण्याआधी बँकेचे खाते नीट पाहावे लागते. कंपनीने दहा टक्के टीडीएस कापला असेल, तर 36,000 ऐवजी 32,400 रुपये जमा होतात. अशी वेगळी रक्कम नजरेतून सुटते आणि आलेल्या पैशांसाठीच तगादा लावला जातो. कापलेले 3,600 रुपये कंपनीने सरकारजमा केले की अनुवादिकेच्या पॅनवर दिसतात.

पहिले पत्र मुदतीनंतर तीन-चार दिवसांनी जाते. ते काम देणाऱ्या व्यक्तीला लिहून त्याची प्रत अकाउंट्सला पाठवावी. विषयाच्या ओळीतच बिलाचा क्रमांक आणि रक्कम असली, की पाहणाऱ्याला ईमेल न उघडताही काम कळते.

‘नमस्कार मॅडम, माहितीपुस्तिकेच्या अनुवादाचे बिल क्र. 14 (दि. 5 जून, रु. 36,000) 5 जुलैला देय होते. रक्कम अजून जमा झालेली दिसत नाही. बिल अकाउंट्सकडे पोहोचले आहे ना, आणि पेमेंट कोणत्या तारखेपर्यंत होईल, हे कृपया कळवावे. बिलाची प्रत पुन्हा जोडली आहे. काही कागद हवा असल्यास लगेच पाठवते.’

यात घरची अडचण नाही आणि ‘त्रास देते, माफ करा’ही नाही. माफी मागितली की हक्काचे पैसे उपकाराचे वाटू लागतात. पत्रातल्या दोन्ही प्रश्नांना नेमके उत्तर देता येते. ‘लवकरच होईल’ असे उत्तर आले, तर त्याच दिवशी तारीख विचारून घ्यावी.

उत्तरच आले नाही, तर साधारण दोन आठवड्यांनी दुसरे पत्र. ते वरिष्ठांनाही जाते.

‘बिल क्र. 14 ची रक्कम 5 जुलैपासून थकीत आहे. 9 जुलैच्या ईमेलला उत्तर मिळालेले नाही. कामाबद्दल आपली कोणतीही हरकत आलेली नाही. रु. 36,000, नियमानुसार टीडीएस वजा करून, 31 जुलैपर्यंत जमा करावेत. तसे न झाल्यास पुढचे काम थांबवावे लागेल आणि 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार व्याजासह रक्कम मागावी लागेल.’

यातले हरकतीचे वाक्य मोलाचे आहे. या कायद्यानुसार काम मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारले असे मानले जाते. लेखी मुदत ठरली असली तरी ती स्वीकारापासून 45 दिवसांपुढे नेता येत नाही. काहीच ठरले नसेल, तर पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. पण या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी काम करण्याआधीची हवी. नोंदणी मोफत आणि ऑनलाइन होते. ती नसेल, तर पत्रात या कायद्याचा धाक घालू नये. चौकशी झाली की पत्राचे वजनच जाते. परदेशी ग्राहकाच्या बाबतीतही तो फारसा कामाला येत नाही.

31 जुलैही उलटली, तर नोंदणी असलेल्या अनुवादिकेला सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषद आधी समेटाचा प्रयत्न करते आणि तो फसल्यास प्रकरण लवादाकडे जाते. तिथे करार, काम पाठवल्याचा ईमेल, बिल आणि ही दोन पत्रे हाच पुरावा ठरतो. नोंदणी नसल्यास दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो. त्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते, आणि त्या काळात ग्राहकाने देणे सहीनिशी लेखी मान्य केले, तर ती त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. म्हणून फोनवर बोलणे झाले, तरी ठरलेली तारीख ईमेलने कळवून तिला लेखी होकार घ्यावा.