चार बाटल्या आणि एक ताट

घरी फ्राइड राइस किंवा हाका नूडल्स करायचे म्हटले की ओट्यावर चार बाटल्या येतात. सोया सॉस, व्हिनेगर, हिरव्या मिरचीचा सॉस आणि टोमॅटो केचप. चारही एकाच फळीवर विकल्या जातात, चमच्याने मोजून घातल्या जातात, म्हणून त्या एकाच जातीच्या वाटतात. पण लेबल उलटून पाहिले तर सोयामध्ये सोडियम प्रचंड असते, केचपमध्ये साखर भरपूर असते, मिरचीच्या सॉसमध्ये रंग आणि घट्टपणा आणणारे पदार्थ असतात आणि व्हिनेगरमध्ये यांतले जवळजवळ काहीच नसते. कोणत्या बाटलीत काय तपासायचे हे ठरलेले असले, तर दुकानात अर्ध्या मिनिटात निवड होते.

भारतात विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद पदार्थावर पोषणाचा तक्ता असतो. त्यात 100 ग्रॅम किंवा 100 मिलीमागे किती उष्मांक, किती साखर, किती सोडियम हे दिलेले असते. साखरेच्या दोन ओळी असतात. एक एकूण साखरेची, दुसरी वरून घातलेल्या साखरेची. दिवसाची मर्यादा म्हणून लेबलावर 2000 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम मीठ, आणि 50 ग्रॅम वरची साखर हे आकडे धरलेले असतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे. जे सर्वांत जास्त, ते आधी.

एकाच प्रकारच्या दोन बाटल्यांची तुलना करताना 100 मिलीचा आकडा पाहावा. पण सोया आणि केचप यांची तुलना करायची असेल, तर तो आकडा फसवतो, कारण सोया चमच्याने पडतो आणि केचप वाटीने संपतो. तिथे चमच्याचा हिशेब करावा लागतो. मोठा चमचा 15 मिलीचा, चहाचा 5 मिलीचा. काही कंपन्या एक वाढणी म्हणून फारच लहान माप धरतात आणि मग त्या रकान्यातले आकडे निरुपद्रवी दिसू लागतात. त्यामुळे वाढणीचा रकाना वाचण्याआधी ती वाढणी किती ग्रॅमची आहे, ते बघणे आवश्यक आहे.

सोयापासून सुरुवात करू. जपानी पद्धतीच्या सोया सॉसमध्ये चारच घटक असतात: पाणी, सोयाबीन, गहू आणि मीठ. शिजवलेले सोयाबीन आणि भाजलेला गहू यांवर एक विशिष्ट बुरशी वाढवतात, मग ते मिश्रण मिठाच्या पाण्यात कित्येक महिने आंबवतात. ही बुरशी प्रथिने तोडते आणि त्यातून तो गडद, मटणाच्या रश्शाची आठवण करून देणारा स्वाद तयार होतो. एवढे महिने मिश्रण नासू नये म्हणून मीठ भरपूर लागते. किक्कोमन या जपानी कंपनीच्या नेहमीच्या सोया सॉसच्या अमेरिकी लेबलावर एका मोठ्या चमच्यात 960 मिलिग्रॅम सोडियम लिहिलेले आहे. दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ निम्मा वाटा एका चमच्यात! म्हणजे उत्तम प्रतीचा, शुद्ध आंबवलेला सोया घेतला म्हणून सोडियम कमी होत नाही.

मग चांगल्या सोयासाठी जास्त पैसे मोजून काय मिळते? ते घटकांच्या यादीत दिसते. स्वस्त बाटलीवर अनेकदा पाणी, मीठ, साखर असा क्रम असतो आणि सोयाबीन त्यानंतर येते. रंगासाठी कॅरॅमल, म्हणजे 150 या क्रमांकाच्या गटातला रंग, आंबटपणासाठी 260 म्हणजे ॲसेटिक ॲसिड, टिकण्यासाठी 211 म्हणजे सोडियम बेंझोएट. हे सगळे परवानगी असलेले पदार्थ आहेत, त्यांना घाबरण्याचे कारण नाही. पण ग्राहकाने सोयाचे पैसे देऊन मुख्यतः रंगीत, गोडसर मिठाचे पाणी घरी आणू नये. यादीत ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ असे शब्द असतील, तर तिथे प्रथिने बुरशीऐवजी आम्लाने तोडलेली असण्याची शक्यता असते. त्या प्रक्रियेत ‘3-एमसीपीडी’ नावाचे नको असलेले संयुग तयार होऊ शकते. म्हणूनच कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने अशा द्रवरूप सॉससाठी किलोमागे 0.4 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. ‘नॅचरली ब्रूड’ लिहिलेली आणि चार-पाच घटकांची बाटली मिळत असेल, तर ती घ्यावी. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी मात्र सोयाच्या नावावर विसंबू नये, गव्हाचा उल्लेख आवर्जून शोधावा.

‘कमी सोडियम’ असे लिहिलेला सोयाही मिळतो. त्यात नेहमीच्या सोयापेक्षा साधारण 40 टक्के सोडियम कमी असू शकते, पण तरीही एका मोठ्या चमच्यात साडेपाचशे मिलिग्रॅमच्या पुढे राहते. कमी आहे म्हणून दीड-दोन चमचे घातला, की बचत संपली. शिवाय अशा काही सॉसमध्ये मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड, क्रमांक 508, वापरतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

केचपची गोष्ट वेगळी आणि जास्त गुंतागुंतीची. त्यात सोडियम असते, 100 ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमच्या आसपास, पण खरा प्रश्न साखरेचा आहे. ती इतकी का लागते, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडच्या मानकानुसार केचपमध्ये मीठ वगळून किमान 25 टक्के विरघळलेले घन पदार्थ असावे लागतात. ताज्या टोमॅटोत ते जेमतेम 5 टक्के असतात, बाकी पाणी. समजा यादीत ‘टोमॅटो पेस्ट 28 टक्के’ असे लिहिले आहे. हा आकडा वाचून अनेकांना वाटते की बाटलीत पाव भागच टोमॅटो आहे. तसे नाही. पेस्ट म्हणजे आटवलेला टोमॅटो. तिच्यात किमान 25 टक्के घन पदार्थ असतात. म्हणजे 100 ग्रॅम केचपमधल्या 28 ग्रॅम पेस्टमधून 7 ग्रॅम घन पदार्थ आले, आणि तेवढ्यासाठी सुमारे 140 ग्रॅम ताजे टोमॅटो लागले. टोमॅटो पुरेसा आहे. पण 25 गाठायला अजून 18 ग्रॅम हवेत आणि ते मुख्यतः साखरेने भरले जातात. पुष्कळ केचपमध्ये साखर याहूनही जास्त असते, 100 ग्रॅममागे 25 ते 30 ग्रॅमपर्यंत.

म्हणून केचप निवडताना दोनच गोष्टी पाहाव्यात. पेस्टची टक्केवारी जास्त कुठे आणि वरून घातलेली साखर कमी कुठे. एका बाटलीत साखर 28 ग्रॅम आणि दुसरीत 20 असेल, तर 30 ग्रॅम केचप खाणाऱ्या मुलाच्या पोटात पहिल्या बाटलीतून 8.4 ग्रॅम साखर जाते, दुसरीतून 6. रोज डब्यात केचप नेणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ‘साखर नाही’ असे ठळक लिहिलेल्या बाटलीत खजूर किंवा गूळ असू शकतो किंवा 955 म्हणजे सुक्रालोज. तेव्हा समोरचे वाक्य सोडून मागचा तक्ताच वाचावा.

आणखी एक फरक ध्यानात ठेवायला हवा. गाड्यांवर आणि लहान हॉटेलांत मोठ्या कॅनमधून येणारा लाल सॉस प्रत्येक वेळी टोमॅटोचा असेलच असे नाही. ‘स्नॅक सॉस’, ‘कॉन्टिनेंटल सॉस’ अशा नावांखाली भोपळ्यासारख्या भाजीचा गर, स्टार्च, साखर आणि रंग यांचेही मिश्रण विकले जाते. ते कमी पैशांत मिळते, पण त्याला केचप म्हणता येत नाही.

हिरव्या मिरचीच्या सॉसचा तो चकचकीत हिरवा रंग मिरचीचा नसतो. आम्लात हिरवी मिरची काही काळ राहिली की तिचे हरितद्रव्य मळकट, ऑलिव्ह रंगाचे होते. घरी व्हिनेगरमध्ये घातलेल्या मिरच्या फिक्या पडतात त्याचे कारणही हेच. म्हणून कारखान्यात पिवळा 102 आणि निळा 133 हे कृत्रिम रंग मिसळून हिरवा रंग आणतात. 1422 हा स्टार्च आणि 415 म्हणजे झँथन गम सॉस दाट करतात. या क्रमांकांपेक्षा मिरची यादीत कितव्या जागी आहे हे जास्त महत्त्वाचे. अमेरिकेतल्या लुइझियानाचा टबॅस्को सॉस याचे उलट टोक दाखवतो. त्यात मिरची, व्हिनेगर आणि मीठ एवढेच असते आणि चहाच्या एका चमच्यात सोडियम 35 मिलिग्रॅम. तो जास्त तिखट असल्याने थेंबाथेंबाने लागतो.

व्हिनेगरबद्दल थोडक्यात सांगता येते. साध्या व्हिनेगरमध्ये सोडियम आणि साखर नगण्य असते. आंबवलेले आणि ॲसेटिक ॲसिडपासून बनवलेले असे दोन प्रकार असतात. दुसऱ्यावर ‘सिंथेटिक’ असे लिहावेच लागते. दोन्हींत किमान 3.75 टक्के आम्ल असते. नूडल्समध्ये फरक फारसा कळत नाही, पण गोव्याच्या विंदालूत माडाच्या ताडीचे व्हिनेगर घातले तर नक्की कळतो.

आता ताटाचा हिशेब. चौघांच्या फ्राइड राइसला दोन मोठे चमचे सोया घातला तर 1920 मिलिग्रॅम सोडियम झाले. एक मोठा चमचा मिरचीचा सॉस, 100 ग्रॅमला 2500 मिलिग्रॅम धरून, 375. एक चमचा केचप, 150. व्हिनेगर, शून्य. वर चहाचा एक सपाट चमचा मीठ, म्हणजे सुमारे 2000. एकूण 4445, म्हणजे माणशी साधारण 1110. एकाच जेवणात दिवसाच्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त, आणि सोबत मंचुरियन असेल तर विचारायलाच नको.

याच भातात सोया एक चमचा, मीठ अर्धा चमचा, मिरचीच्या सॉसऐवजी उभ्या चिरून व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या हिरव्या मिरच्या, केचप नाही आणि शेवटी एक चमचा व्हिनेगर. सोयाचे 960 आणि मिठाचे 1000, माणशी 490. आंबटपणा वाढला की जिभेला मिठाची उणीव कमी जाणवते. सोया गॅस बंद करण्याच्या आधी, कढईच्या गरम कडेवरून सोडला तर त्याचा वास भाताला लागतो आणि एका चमच्यात काम भागते.