‘नागचाफा’ मागवला आणि भलतंच झाड आलं? नर्सरीचं ऑनलाइन लिस्टिंग असं वाचा

वसईचा चाफा म्हटलं की आपल्याला सोनचाफाच आठवतो. वसई, नालासोपारा आणि विरारच्या पश्चिमेकडच्या वाड्यांमधून तोडलेली फुलं पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात जातात, हे इथल्या पोरांना सांगायला नको. पण मोबाईलवर नुसतं ‘चाफा’ टाईप करून रोप शोधायला गेलात की गोंधळ सुरू होतो. कारण मराठीत चाफा हे एका झाडाचं नाव नाहीच.

सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. देवळाबाहेर दिसणारा, फांदी मोडली की पांढरा चीक येणारा देवचाफा हा कण्हेरीच्या कुळातला. हिरवा चाफा सीताफळाचा नातेवाईक, तर भुईचाफा चक्क हळद-आल्याच्या घरातला, जमिनीतून उगवणारा. फुलांच्या वासावरून आणि दिसण्यावरून लोकांनी नावं ठेवली, आणि बोलताना ती पुरतातही. वाडीतल्या नर्सरीत समोर रोप असतं, बोट दाखवलं की झालं. ऑनलाइन खरेदीत मात्र बोट दाखवायची सोय नाही. तिथे नाव हाच पत्ता.

म्हणून नीट केलेल्या लिस्टिंगमध्ये तीन नावं असतात आणि तिघांची कामं वेगळी असतात. मराठी नाव आणि चंपा, चंपक यांसारखी बाजारातली नावं रोप सापडावं म्हणून, कारण गिऱ्हाईक तीच टाईप करतं. वनस्पतिशास्त्रीय नाव हे रोप नेमकं कोणतं ते ठरवण्यासाठी. पहिलं नाव चुकलं तर फार तर शोधताना सापडणार नाही. शास्त्रीय नाव चुकलं किंवा नसलं, तर दुसरंच झाड घरी येईल.

सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे नागचाफा. शास्त्रीय पुस्तकांतला नागचाफा, म्हणजे नागकेशर, त्याचं नाव Mesua ferrea. हा सावकाश वाढणारा, कठीण लाकडाचा मोठा वृक्ष. पालवी लालसर, पानं अरुंद आणि खालून पांढुरकी, फूल चार पांढऱ्या पाकळ्यांचं, मधे पिवळ्या केसरांचा झुबका, आणि सुवास. पण मुंबईच्या आसपासच्या नर्सऱ्यांमध्ये ‘नाग चंपा’ म्हणून जे सर्रास विकलं जातं ते Plumeria pudica. त्याचं पान टोकाकडे रुंद होतं, नागाच्या फण्यासारखं दिसतं, म्हणून नाव पडलं. हा देवचाफ्याचा भाऊ: मऊ खोड, पांढरा चीक, पांढऱ्या फुलांचे गुच्छ आणि वास जवळजवळ नाहीच.

आता समजा विरारच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तुमची बाल्कनी आहे आणि ‘नागचाफा, आठ इंची कुंडी’ एवढंच लिहिलेलं लिस्टिंग तुम्हाला दिसलं. Plumeria pudica आलं तर तुमचं नशीब, कुंडीत ते मजेत फुलतं. सुवासासाठी मागवलं असेल तर मात्र पैसे गेले. आणि खरंच Mesua ferrea आलं तर तुम्ही बाल्कनीत एक मोठा वृक्ष आणलाय, ज्याच्या फुलांची वर्षानुवर्षं वाट बघावी लागेल. दोन्ही वेळी विक्रेता खोटं बोललेला नसतो! त्याच्या लेखी तो नागचाफाच.

शास्त्रीय नाव लिहिलेलं नसेल तर ऑर्डरच्या आधी मेसेज करून विचारा, आणि एका पानाचा जवळून काढलेला फोटो मागा. फुलाचा फोटो मागू नका, तो कुठूनही उचललेला असू शकतो.

शास्त्रीय नावांतही एक गोम आहे: ती बदलतात. सोनचाफ्याचं जुनं नाव Michelia champaca, आजचं स्वीकारलेलं Magnolia champaca. अर्धी लिस्टिंग्ज जुन्या नावाने आहेत, अर्धी नव्या. म्हणून दोन वेगळी नावं दिसली की दोन वेगळी झाडं समजू नका. powo.science.kew.org या क्यू उद्यानाच्या साइटवर जुनं नाव टाका, ती नव्या नावाकडे नेते. मोबाईलवर मिनिटभराचं काम आहे.

मराठी नाव शोधताना एक बारीकशी तांत्रिक अडचण येते. हिंदी कीबोर्डवरून टाईप केलं की ‘फ’ खाली कधी कधी नुक्ता येतो. डोळ्याला फरक जेमतेम दिसतो, पण संगणकाच्या लेखी अक्षरं वेगळी आहेत:

```
चाफा  = च ा फ ा
चाफ़ा  = च ा फ ़ ा
```

साध्या सर्चमध्ये एक टाकलं तर दुसरं सापडत नाही. मोठ्या सर्च इंजिनांना असे फरक बहुतेक वेळा सांभाळता येतात, छोट्या नर्सरीच्या साइटवरच्या सर्चबॉक्सला तसं जमेलच असं नाही. मग sonchafa, sonchampa, champak अशी रोमन स्पेलिंग्जही टाकून बघा.

आता कुंडी. ‘आठ इंच’ म्हणजे कुंडीच्या वरच्या तोंडाचा व्यास, रोपाची उंची नव्हे. काळ्या पिशवीतलं रोप असेल तर ‘५ बाय ७’ असं लिहितात, ते पिशवीची रुंदी आणि उंची. इंच दुप्पट झाले म्हणजे माती दुप्पट, असं वाटतं ना? तसं नाही. एकाच आकाराच्या सहा इंची आणि बारा इंची कुंडीत मातीचा फरक जवळजवळ आठपट असतो, कारण रुंदी, लांबी आणि खोली तिन्ही दुप्पट होतात. दर तुलना करताना हे डोक्यात ठेवा.

सोनचाफ्याला मात्र कुंडीच्या मापापेक्षा महत्त्वाचा एक शब्द असतो: कलम. बियांपासून केलेल्या रोपाला फुलं यायला सात-आठ वर्षंही लागू शकतात, कलम वर्ष-दोन वर्षांतच फुलू लागतं. फोटोत मातीच्या वर काही इंचांवर खोडाचा जोड दिसायला हवा. जोडाच्या खालून फुटवे आले तर ते काढून टाकायचे, नाहीतर खालचं झाड वरच्यावर मात करतं.

काळजीच्या ओळीत ‘आठवड्यातून दोनदा पाणी’ वाचलं की मी पुढे वाचतच नाही. वसईच्या जुलैमध्ये ती ओळ झाड कुजवते, मे महिन्यात वाळवते. ‘वरची इंचभर माती कोरडी झाली की पाणी’ असं लिहिणाऱ्याने झाड खरंच वाढवलेलं असतं. देवचाफ्याच्या बाबतीत तर लिस्टिंगमध्ये एक वाक्य हवंच: थंडीत पानं गळतात, ते साहजिक आहे. हे माहीत नसलं की लोक घाबरून पाणी वाढवतात आणि झाड मुळापासून सडतं. खोड दाबून बघा. टणक असेल तर झाड झोपलंय, मऊ लागलं तर सडायला लागलंय.

तुमच्या घरी नर्सरी असेल आणि व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगवर तुम्ही रोपं टाकत असाल, तर वर्णन साधारण असं लिहा:

```
सोनचाफा (कलम) | Champak, Sonchafa
Magnolia champaca (जुने: Michelia champaca)
कुंडी: ८ इंच, रोप: सुमारे २ फूट
ऊन: किमान ४-५ तास
पाणी: वरची इंचभर माती कोरडी झाल्यावर
पुढची कुंडी: १४ इंच किंवा मोठी
```

शेवटची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत. आठ इंची कुंडीत सोनचाफा विकता येतो, तिथे तो कायम वाढवता येत नाही, आणि मोठी कुंडी व तिची माती मिळून खर्च रोपाच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. गिऱ्हाईकाला हे रोप घेण्याआधीच कळलेलं बरं.