‘खोडलेलं टाईप करू नका’ हे कोणी सांगितलं?

बुलढाणा जिल्हा अमरावती विभागीय मंडळाखाली येतो. बारावीच्या निकालावर शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज त्यानंतर. हस्ताक्षर किचकट असलं की शिक्षकांना दाखवण्यासाठी ती छायाप्रत कोणी टाईप करून घेतं, आणि तेव्हा हमखास ऐकू येतं: “खोडलेलं सोडा हो, त्याला कुठे गुण असतात!”

गुण नसतील, पण त्याची जागा असते. समजा, पान ५ वर प्र. ३ (ब) लिहून विद्यार्थ्याने खोडला आणि पान ९ वर पुन्हा लिहिला. पान ५ च्या समासात परीक्षकाचा ० आहे, पान ९ वर २. खोडलेलं गाळलं की तो ० लोंबकळत राहतो आणि खालच्या (क) च्या उत्तराला चिकटतो. मग ज्या उत्तरावर अन्याय झालेलाच नाही, त्यासाठी पालक धावपळ करतात. हे थांबलं पाहिजे.

त्याहून मोठा घोटाळा म्हणजे खोड कोणाची हे न बघणं. छायाप्रत काळीपांढरी असेल तर परीक्षकाची लाल फुलीही काळीच दिसते. विद्यार्थ्याची खोड बहुधा ओळीओळीवरून जाते, रेघेची जाडी अक्षरांइतकीच असते आणि तोच प्रश्नक्रमांक पुढे पुन्हा येतो. परीक्षकाची रेघ मजकुरावर तिरकी पडते, हात वेगळा दिसतो आणि शेजारी बहुधा गुण असतो. तरीही ठरत नसेल तर ‘खोड कोणाची, अस्पष्ट’ असंच लिहावं.

म्हणून चार रकान्यांचा तक्ता करावा: पान, प्रश्नक्रमांक, उत्तर, परीक्षकाची नोंद. विद्यार्थ्याची खोड उत्तराच्याच रकान्यात `[खोडले: …]` अशी ठेवावी. शेवटी नोंदींतले गुण बेरजेला घ्यावेत आणि मुखपृष्ठावरच्या एकूण गुणांशी ताडावेत. जुळलं नाही तर आधी आपलं टायपिंग तपासावं, परीक्षकाची बेरीज त्यानंतर.

आणखी काही गैरसमज:

‘चुकीचा प्रश्नक्रमांक दुरुस्त करावा.’ नाही. लिहिला तसाच ठेवावा, योग्य क्रमांक चौकटी कंसात द्यावा. वर्डचं आपोआप क्रमांक देणं आधी बंद करावं. नाहीतर ४ नंतरचा ७ गुपचूप ५ होतो.

‘शुद्धलेखन सुधारलं तर काय बिघडलं?’ शिक्षकांना मुलाने लिहिलेलं उत्तर तपासायचं असतं, आपलं नव्हे.

‘परीक्षकाची सहीही टाईप करावी.’ गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात विद्यार्थ्याचा उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला, पण परीक्षकाची ओळख उघड करू नये असंही सांगितलं.

‘टाईप प्रत जोडली की गुण वाढतात.’ पुनर्मूल्यांकन मूळ उत्तरपत्रिकेचं होतं. टाईप प्रतीचा उपयोग एवढाच, की अर्ज कोणत्या उत्तरासाठी करायचा हे नीट कळावं.