टीडीएस कापला, म्हणजे कर भरून झाला का?

कर सल्लागाराकडे येणारा माणूस आपले पगारपत्रक, कर्ज, भावाबरोबरचा व्यवहार असे सगळे त्याच्यापुढे उघडे करतो. म्हणून ओळख पटल्याशिवाय तो सहसा येत नाही. ही ओळख पूर्वी सोसायटीतल्या किंवा बाजारपेठेतल्या शिफारशीने होत असे. आता तिचा काही भाग मोबाइलवरच्या एका मिनिटाच्या व्हिडिओने होतो. ‘रिटर्न भरायचे आहे? आजच संपर्क साधा’ असे सांगणारा व्हिडिओ ही ओळख करून देत नाही, कारण त्यातून सल्लागाराला विषय किती कळतो हे समजत नाही. एका नेमक्या प्रश्नाचे पुरे उत्तर फुकट देणारा व्हिडिओ मात्र ते दाखवतो.

उदाहरणार्थ, मुदत ठेवीच्या व्याजावरचा टीडीएस. ‘बँकेने कर कापला, आता माझा संबंध संपला’ हा समज सर्रास आढळतो. त्यावरच्या व्हिडिओची सुरुवात नमस्कार-चमत्काराने न करता थेट या वाक्यानेच करावी. पुढे एकच हिशेब मांडावा. वर्षाचे व्याज ६०,००० रुपये. बँकेने १० टक्क्यांनी ६,००० रुपये कापले. ठेवीदाराच्या उत्पन्नाचा वरचा भाग २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर या व्याजावर १२,००० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण १२,४८० रुपये होतात. कापलेले ६,००० वजा जाता ६,४८० रुपये अजून भरायचे राहतात. उलट एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल, तर तेच ६,००० रुपये परत मिळू शकतात, पण रिटर्न भरले तरच. शेवटी प्रेक्षकाने करायची एकच कृती सांगावी: प्राप्तिकर पोर्टलवर लॉगिन करून २६एएस उघडावे आणि बँकेने कापलेली रक्कम तिथे दिसते का ते पाहावे. एवढे पंचेचाळीस सेकंदांत बसते. यूट्यूबने ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट्सची मर्यादा तीन मिनिटांपर्यंत वाढवली असली, तरी हाती आलेला वेळ दुसरा मुद्दा कोंबण्यात घालवू नये. जुनी करप्रणाली, नवी करप्रणाली, ज्येष्ठ नागरिकांची सवलत हे सगळे एकाच व्हिडिओत आले की बघणाऱ्याच्या लक्षात काहीच राहत नाही.

हाच व्हिडिओ एप्रिलमध्ये टाकला तर फसतो. जानेवारी ते मार्च या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र भरायला बँकेला ३१ मेपर्यंत मुदत असते. त्यामुळे एप्रिलमध्ये २६एएस उघडणाऱ्याला शेवटच्या तिमाहीची कपात बहुधा दिसणार नाही, आणि तो गोंधळेल किंवा सांगणाऱ्यालाच खोटा ठरवेल. जूनच्या मध्यानंतर तीच सूचना बिनचूक ठरते. विषय माहीत असणे आणि कामाचे वेळापत्रक माहीत असणे यातला फरक इथे कळतो, आणि जाणकार प्रेक्षक तो लगेच ओळखतात.

दुसरी अडचण आकडे शिळे होण्याची. बँकेतल्या ठेवींवर टीडीएस कापण्याची वार्षिक व्याजमर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ४०,००० वरून ५०,००० रुपये झाली आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी ५०,००० वरून १ लाख. त्याआधीचे व्हिडिओ काढून टाकलेले नसतील, तर ते अजूनही जुनाच आकडा सांगत फिरतात. म्हणून पडद्यावर आर्थिक वर्ष ठळक लिहावे, बोलताना कलमाचा क्रमांक टाळावा आणि दरवर्षी अर्थसंकल्पानंतर जुने व्हिडिओ तपासून बाद झालेले उतरवावेत. कंटाळवाणे काम आहे, पण नवे दहा व्हिडिओ करण्यापेक्षा जास्त मोलाचे.

सूचना कोणाला लागू नाही, हे सांगणेही तितकेच गरजेचे. ‘पॅन दिलेला नसेल, तर कपात २० टक्क्यांनी होते, वरचा हिशेब तुमचा नाही’ हे एक वाक्य वगळले, तर पॅन न दिलेल्या ठेवीदाराला आकडे जुळत नाहीत आणि तो सांगणाऱ्यालाच चुकीचा समजतो. व्हिडिओ उपयोगी पडला की नाही, हे पाहणाऱ्यांच्या संख्येपेक्षा खाली विचारलेल्या प्रश्नांवरून कळते. ‘माझ्या २६एएसमध्ये एकाच बँकेची कपात दिसते, दुसरीची नाही’ असा प्रश्न आला, तर प्रेक्षकाने सांगितलेले करून पाहिले आहे. त्याचे सर्वसाधारण उत्तर सर्वांसमोर द्यावे. मात्र कोणी पॅन किंवा रिटर्नचा फोटो टाकला, तर तो आधी हटवावा.

सनदी लेखापालांना आणखी एक बंधन आहे. १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार जाहिरातबाजी करून किंवा गळ घालून काम मिळवणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. त्यांच्या संस्थेच्या २०२० पासून लागू झालेल्या आचारसंहितेत शैक्षणिक व्हिडिओंना मुभा होती, पण त्यात फर्मचा उल्लेख, संपर्क क्रमांक किंवा संकेतस्थळाचा पत्ता देता येत नव्हता. हे नियम वेळोवेळी बदलतात, त्यामुळे पहिला व्हिडिओ टाकण्यापूर्वी संस्थेची चालू आचारसंहिता वाचून घ्यावी.