टोल्युइनच्या पिंपावरचे लेबल
टोल्युइनच्या पिंपावर लाल कडांच्या, कोनावर उभ्या चौकोनांत तीन चित्रे असतात: ज्वाळा, छातीवर तारा फुटल्यासारखी खूण असलेली मानवाकृती आणि उद्गारचिन्ह. शेजारी ‘धोका’ हा संकेतशब्द असतो. कमी तीव्र धोक्यासाठी ‘सावधान’ वापरतात. ओतताना ज्वाळेचे चित्र सर्वांत तातडीचे, कारण सुमारे ४ अंश सेल्सिअसलाही या द्रावकाची वाफ ठिणगीने पेटते. ती ठिणगी ओतण्यातूनच येऊ शकते, कारण वाहत्या टोल्युइनमध्ये स्थिर वीज साठते. म्हणून आधी पिंप आणि धातूचा कॅन तारेने एकमेकांना जोडले आहेत का, पिंपाला अर्थिंग आहे का, हे तपासावे लागते. प्लॅस्टिकच्या कॅनला ही जोडणी निरुपयोगी ठरते. कॅन स्वच्छ, कोरडा हवा आणि त्यावर लेबल ओतण्यापूर्वीच चिकटवलेले हवे.