तो आण रे, कपाटातला!

दुपारची जेवणं आटोपली की आजी पानाचा डबा घेऊन झोपाळ्यावर बसते. पानाला चुना लावून झालेला, सुपारी हातात, आणि डब्यात नेमकी एक वस्तू नाही.

"सोनू, तो आण रे कपाटातला."

"कुठला तो?"

"अरे तो... खालच्या खणातला."

खणात कात्री, पक्कड, बॅटरी, जुनं कुलूप असं बरंच काही. सोनू कात्री घेऊन येतो. आजी वैतागते. "कात्री हवी असती तर 'ती आण' म्हटलं असतं ना! तो रे, सुपारी कातरायचा. अडसर... छे, अडसर काय!"

स्वयंपाकघरातून सून म्हणते, "अडकि..."

"अडकित्ता!" आजी जवळजवळ ओरडतेच.

गोष्ट एवढीच. अशा वेळी घरातले एकमेकांकडे बघतात आणि मनातल्या मनात 'आजी विसरायला लागली' असं ठरवून टाकतात. पण आजी नेमकं काय विसरली? वस्तू डोळ्यांसमोर होती, तिचा उपयोग माहीत होता, ती कुठल्या खणात आहे तेही पक्कं होतं. इतकंच काय, तिचं लिंगही ठाऊक होतं. अडकला होता तो फक्त नावाचा उच्चार.

शब्द जिभेवर येऊन अडकण्याचा हा प्रकार रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील यांनी हार्वर्डमध्ये अभ्यासला. त्यांचा निबंध 1966 सालचा. ते विद्यार्थ्यांना फारशा न वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवत आणि शब्द विचारत. जे अडकत त्यांनाही पहिलं अक्षर कोणतं, शब्द केवढा लांब, हे बऱ्याचदा बरोबर सांगता येई. पुढे 1997 साली गॅब्रिएला विग्लिओको आणि सहकाऱ्यांनी इटालियन बोलणाऱ्यांवर प्रयोग केला. मराठीसारखंच त्या भाषेतही निर्जीव वस्तूंना लिंग असतं. शब्द आठवत नसतानाही तो पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, हे लोक निव्वळ अंदाजाने जमेल त्याहून कितीतरी जास्त वेळा अचूक सांगत होते. आजीच्या 'तो'त हेच दिसतं. सोनूने तेवढं नीट ऐकलं असतं तर खणातल्या निम्म्या वस्तूंना हात लावायची गरजच नव्हती.

म्हणजे अर्थ, व्याकरण आणि उच्चार या गोष्टी मेंदू एकाच गाठोड्यात ठेवत नाही. अर्थापासून उच्चारापर्यंतचा दुवा सगळ्यात नाजूक. तो वापराने टिकतो आणि वयाबरोबर सैल होतो, असं डेबोरा बर्क आणि डोनाल्ड मॅके यांचं म्हणणं. म्हणूनच माणसांची नावं आणि क्वचित लागणाऱ्या वस्तूंची नावं आधी दगा देतात. उलट म्हातारपणी शब्दसंग्रह बहुधा तरुणांपेक्षा मोठाच असतो. आजीच्या तोंडी आलेला 'अडसर'ही उगाच आलेला नाही. सुरुवात तीच, लिंगही तेच, म्हणून तो मध्ये घुसतो आणि हव्या त्या शब्दाची वाट अडवून बसतो.

मग काळजी कधी करायची? पहिली अक्षरं सांगताच शब्द सुटला, तर बहुतेक वेळा तो वयाचाच भाग. पण 'अडकित्ता' हा पुरता शब्द ऐकूनही ओळख पटत नसेल, अडकित्ता हातात देऊन 'याचं काय करायचं?' असा प्रश्न येत असेल, किंवा ताट, चमचा अशा रोजच्या शब्दांवर काही महिन्यांपासून वरचेवर अडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज अचानक बोलताना अडखळू लागलं, त्यातही तोंड वाकडं झालं किंवा एका हातातलं बळ गेलं, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी उद्यापर्यंत थांबू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आता घरोघरचा तो लाडका उपाय: "आठव, आठव, मी सांगणार नाही!" याने मेंदूला व्यायाम होतो, अशी आपली समजूत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात कॅरिन हम्फ्रीज आणि एमी बेथ वॉरिनर यांनी 2008 साली दाखवलं ते उलटंच. उत्तर सांगण्याआधी ज्यांना जास्त वेळ अडकवून ठेवलं, ते नंतर त्याच शब्दावर पुन्हा अडकण्याची शक्यता वाढली. त्यांच्या मते मेंदू तेवढ्या वेळात चुकीचीच वाट घोटवत बसतो. हम्फ्रीज यांच्याच पुढच्या कामात असंही दिसलं, की सुरुवातीच्या अक्षरांचा धागा मिळून शब्द आपल्या तोंडून सुटला तर पुढच्या वेळी फायदा होतो. सुनेने पोळी लाटता लाटता नेमकं तेच केलं होतं. अख्खा शब्द सांगितला नाही, आजीला ताटकळतही ठेवलं नाही. 'अडकि' एवढंच म्हणाली.